परिमेय फलनाचा आलेख काढताना: आधी अवयव, मग चिन्हांचा तक्ता

आपण f(x) = (x² − x − 2) / ((x − 2)(x − 1)²) हे फलन घेऊ. अंशाचे अवयव (x − 2)(x + 1) असल्यामुळे (x − 2) निघून जातो आणि (x + 1)/(x − 1)² उरते; मात्र x = 2 ही किंमत मूळ फलनाला चालत नाही, म्हणून संक्षिप्त रूपात 2 ठेवून येणारा (2, 3) हा बिंदू पोकळ वर्तुळाने दाखवावा. नवशिके बहुधा तेथे उभी अनंतस्पर्शी रेषा काढतात; ती फक्त x = 1 येथे आहे.

आलेख x-अक्षाला (−1, 0) येथे आणि y-अक्षाला (0, 1) येथे छेदतो. छेदाची कोटी मोठी असल्यामुळे y = 0 ही आडवी अनंतस्पर्शी रेषा आहे. आलेख तिला −1 येथे ओलांडतो, आणि त्यात चूक काहीच नाही, कारण ती रेषा केवळ दूरच्या टोकांचे वर्तन सांगते.

चिन्हांच्या तक्त्यात x < −1 असताना ऋण, −1 ते 1 दरम्यान धन आणि 1 च्या पुढेही धनच येते, कारण (x − 1) चा वर्ग चिन्ह बदलू देत नाही; म्हणून x = 1 च्या दोन्ही बाजूंना आलेख वरच जातो. प्रत्येक उभ्या रेषेपाशी चिन्ह बदलतेच असे गृहीत धरल्यास नेमकी येथे एक शाखा उलटी निघते.

डावीकडे आलेख अक्षाच्या खालून येतो व −1 येथे वर चढतो, म्हणजे मध्ये कुठेतरी तो वळलाच पाहिजे. ते वळण (−3, −1/8) येथे आहे, पण ते तक्त्यातून नव्हे, विकलजातून मिळते.