पाठवण्याआधीचा शेवटचा हात

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

देणगीसाठी तू लिहिलेला प्रस्ताव वाचला. सोबत तू विचारलं आहेस, "ताई, पाठवण्याआधी काय काय तपासायचं, त्याची यादी द्याल का?" माझी यादी तुला फारशी उपयोगी पडणार नाही, कारण ती माझ्या हातून होणाऱ्या चुकांवरून तयार झाली आहे. तुझी यादी तुझ्याच कागदांतून निघायला हवी. या प्रस्तावातच तिच्या पहिल्या तीन ओळी सापडल्या.

तू आधी सगळीकडे 'कार्यशाळा' लिहिलं होतंस आणि नंतर एका झटक्यात ते बदलून 'शिबिर' केलंस. हे मला कुणी सांगितलं नाही, कागदानेच सांगितलं. तिसऱ्या पानावर 'पहिली शिबिर घेतली जाईल' असं आहे, पाचव्यावर 'कार्यशाळेत' तसंच राहिलं आहे आणि एका ठिकाणी चक्क 'शिबिरंमध्ये' आहे. संगणक फक्त अक्षरं जुळवतो. आपल्या भाषेत प्रत्यय लागताना शब्दाचं रूप बदलतं, त्यामुळे 'कार्यशाळेत' त्याला सापडलंच नाही. 'कार्यशाळांमध्ये' मात्र अर्धवट सापडलं आणि मागे अनुस्वार उरला. शिवाय कार्यशाळा स्त्रीलिंगी, शिबिर नपुंसकलिंगी. म्हणजे आजूबाजूची विशेषणं आणि क्रियापदंही बदलायला हवी होती. तेव्हा तुझ्या यादीतली पहिली ओळ अशी लिही: 'शब्द बदलला असेल तर जुन्या शब्दाचा न बदलणारा भाग शोध, एकेक जागा बघ, पूर्ण वाक्य वाच.' इथे 'कार्यशा' एवढंच शोधलं असतंस तर सगळी रूपं हाती लागली असती.

दुसरी गोष्ट पैशांची, आणि हिची मला खरी काळजी वाटली. अंदाजपत्रकात प्रशिक्षकांचं मानधन १,१२,०००, निवास-भोजन ७६,००० आणि साहित्य ६०,००० अशी मूळ बेरीज २,४८,००० होती. शेवटच्या दिवशी साहित्याचे ६६,००० केलेस आणि तक्त्यातली बेरीज २,५४,००० केलीस, ती बरोबर आहे. पण सोबतच्या पत्रात २,४८,००० तसेच राहिले, आणि अक्षरी रक्कम 'दोन लाख चौऱ्याऐंशी हजार' आहे, म्हणजे जुनी रक्कम लिहितानाही अठ्ठेचाळीसचं चौऱ्याऐंशी झालं होतं. एकाच कागदात तीन रकमा! देणाऱ्याने यातली कोणती धरायची? ओळ अशी: 'एकूण रक्कम कागदात कुठे कुठे आली आहे ते मोज, बेरीज नव्याने कर, अक्षरी रक्कम मोठ्याने वाच.' एक सवय मात्र आधी लावून घे: आकडे संपूर्ण कागदात एकाच लिपीत ठेव. पत्रात इंग्रजी आकडे आणि तक्त्यात देवनागरी असले, तर एक शोधताना दुसरा निसटू शकतो.

तिसरी चूक बारीक आहे. निवास-भोजनाच्या तपशिलात तू 'आचार्यांचं मानधन' लिहिलंस. तुला स्वयंपाक करणारे आचारी म्हणायचे होते, म्हणजे 'आचाऱ्यांचं'. शुद्धलेखन तपासणारी सोय इथे गप्प बसते, कारण आचार्य हाही बरोबर शब्द आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचंही तसंच. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना हा ऱ हमखास बिघडतो. यावर उपाय सोपा: 'र्य' शोधायचं आणि प्रत्येक जागी थांबायचं. कार्य, सूर्य ठीक. दुसर्या, शेतकर्यांना दिसलं की दुरुस्त करायचं.

तिन्ही ओळींत काय करायचं ते नेमकं लिहिलं आहे, हे बघ. 'शुद्धलेखन नीट तपासणे' अशी ओळ लिहिलीस तर तिच्यावर खूण करताना हात कधीच अडणार नाही.

यापुढे कागद गेल्यावर कुणी चूक दाखवली की ती तारखेसह वहीत टिपून ठेव. तीच जात दुसऱ्यांदा आली की तिला यादीत जागा दे. यादी सात-आठ ओळींपुढे जाऊ देऊ नकोस. लांबली की आपण न वाचताच खुणा करत सुटतो. सहा महिन्यांत ज्या ओळीने एकही चूक पकडली नाही, ती काढून टाक. क्रमही ठरव: आधी रकमा, मग नावं आणि तारखा, शुद्धलेखन सर्वांत शेवटी, कारण रकमा सुधारताना वाक्यं पुन्हा हलतात. नावं आठवणीवर सोडू नकोस, त्या माणसाच्या पत्रावरूनच ताडून घे.

यादीला एक गोष्ट जमत नाही. जो परिच्छेद लिहायचाच राहिला, तो ती दाखवणार नाही. तुझ्या प्रस्तावात शिबिराची जागा कुठेच नाही. त्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्यावं लागतं, ते यावेळी मी केलं.

प्रस्ताव सोमवारी जायचा आहे ना? शनिवारी दुरुस्त्या संपव, रविवारी छापून वाच आणि पीडीएफ केल्यावर ती एकदा फोनवर उघडून जोडाक्षरं फुटली नाहीत ना ते बघ.

तुझी,
ताई