ताईच्या स्वागत समारंभात बोलण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझा मसुदा वाचला. लिहिलंयस मनापासून, पण अडीच पानं फार होतात. माईकवर सावकाश बोललं की चारशे शब्दांना चार मिनिटं लागतात, आणि भावाला तेवढीच मिळतात. त्यातही रांग सुरू व्हायच्या आधीची. पाकिटं, पुष्पगुच्छ घेऊन माणसं स्टेजकडे सरकू लागली की मागच्या रांगेतलं लक्ष जेवणाच्या टेबलांकडे जातं. म्हणून निवेदकाला आधीच सांगून ठेव: जोडपं स्टेजवर बसलं की लगेच मी.

आता मजकूर. पहिलंच वाक्य, 'दाजी, आम्ही इतकी वर्षं सोसलं, आता तुमची पाळी', हे काढ. प्रत्येक लग्नात कुणीतरी ते म्हणतंच, आणि मुलगी म्हणजे ओझं हा त्यातला जुना वास मुलाकडच्या ज्येष्ठांना बरोबर येतो. ताईला पाहायला आलेल्या आधीच्या स्थळांची गंमतही नको. तुझ्या मित्रांना ती कळेल, पण पहिल्या रांगेत तिच्या सासूबाई बसल्या असतील. तिचं वजन, स्वयंपाक, कॉलेजातले मित्र या विषयांना हातच लावू नकोस.

तुझ्या मसुद्यातलं खरं सोनं दुसऱ्या पानावर दडलंय, ते म्हणजे स्कूटरचा किस्सा. तू तो तीन ओळींत उरकलास. त्यावरच सगळं भाषण उभं कर. सुरुवात बाबांपासून करायची, कारण मुलाकडच्यांना ते अजून नीट माहीत नाहीत: 'आमच्या बाबांची एक स्कूटर होती. ऑफिसला निघण्याआधी ते ती रोज फडक्यानं पुसायचे. आम्हाला एवढं कधी कुणी पुसलं नाही.' इथे थांब, हसू दे. मग मैदान, मागे ताई, पुढे तू, आणि समोरची भिंत. इंडिकेटर फुटल्याचा आवाज तोंडानं काढ. लहान मुलं तिथेच तुझी होतील, आणि ज्या आजींना अर्धं ऐकू येतं त्यांनाही काय झालं ते कळेल. पुढे: 'संध्याकाळी बाबांनी विचारलं, कुणी केलं? ताई म्हणाली, मी.' यानंतर एक श्वास घे आणि बाबांकडे वळ. 'बाबा, आज एवढे पाहुणे आहेत म्हणून सांगायची हिंमत होतेय. भिंतीत मी घातली होती.'

हशा इथे येतो, आणि त्याच हशात ताई कशी आहे हेही सगळ्यांना कळतं. 'माझी ताई फार प्रेमळ आहे' हे वाक्य मग वेगळं लागत नाही. हसतात ते तुला. भर मांडवात चेष्टा करायची तर भावानं स्वतःचीच करावी, असं मला वाटतं. मात्र हा किस्सा ताईला आठवड्याभर आधी सांगून ठेव. बाबांना नको. त्यांचा चेहरा ताजा हवा.

दाजींसाठी तू सहा विशेषणं लिहिली आहेस. ती सगळी खोडून साखरपुड्यातली एकच गोष्ट ठेव: वाढपी कमी पडले तेव्हा ते उठून पंगतीत मीठ वाढायला गेले होते. त्यांच्या घरच्यांनी ते पाहिलंय, आपल्यांनीही. दोन्ही बाजूंना ओळखीचं वाटेल असं भाषणात तेवढंच आहे.

'आजपासून ती परकी' वगैरे नको. तुझी आई आधीच काठावर असेल. गळा तुझाही दाटेल, बहुतेक 'ताई म्हणाली, मी' यापाशीच. ते वाक्य पाठ कर, कारण नेमका तेव्हाच कागद दिसेनासा होतो. आणि ते म्हणताना ताईकडे बघू नकोस, मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ. आवाज फुटलाच तर गप्प राहा, पाणी पी. लोक थांबतात. माफी मागत बसलास तर मात्र तेही अवघडतात.

पेला उंचावायची पद्धत आपल्याकडे नाही, त्यामुळे शेवट लोंबकळतो आणि माणूस 'एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो' वर येतो. त्याऐवजी उखाणा घे. भावानं नाव घ्यायचं म्हटल्यावरच निम्मं सभागृह हसेल:

लाह्या दिल्या ओंजळीत, पिळला दाजींचा कान,
ताईचं नाव घेतो, आता वाढा पान.

सकाळच्या लाजाहोमाला आणि कानपिळीला जे आले नसतील, त्यांनाही शेजारचा सांगेल. 'पान' म्हटलंस की माईक निवेदकाच्या हातात दे आणि उतर. पुढे एक शब्दही नाही.

सकाळी कान मात्र हळूच पिळ. फोटोवाला तीनतीनदा पिळायला लावतो, आणि संध्याकाळी तुला त्यांच्याकडूनच टाळी हवी आहे.

तुझा,
काका