भेदाचा पक्ष कधी होतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो आहे, म्हणून त्यातली काही एकत्र घेतली आहेत. गोंधळ असा की समाजातला प्रत्येक भेद आपोआप राजकीय पक्ष घडवतो. ज्या भेदावर पक्ष उभे राहतात त्याला राज्यशास्त्रात ‘क्लीव्हेज’ म्हणतात; त्यासाठी मी ‘दुभंगरेषा’ हा शब्द वापरतो.

प्रश्न : समाजातल्या कोणत्याही भेदाला दुभंगरेषा म्हणता येतं का?

नाही. उंच आणि ठेंगणे हा भेद आहे, त्याचा पक्ष होत नाही.

प्रश्न : लिप्सेट आणि रोक्कान यांनी सांगितलेल्या चार दुभंगरेषा कोणत्या? आमच्या नोट्समध्ये तीनच आहेत.

पक्ष आणि समाज यांचे अभ्यासक सेमूर मार्टिन लिप्सेट आणि स्टाइन रोक्कान यांनी 1967 मध्ये पश्चिम युरोपाबद्दल मांडलेल्या रेषा चारच आहेत : केंद्र विरुद्ध परीघ, राज्यसंस्था विरुद्ध चर्च, शेती विरुद्ध उद्योग, मालक विरुद्ध कामगार. पहिल्या दोन राष्ट्रराज्य घडताना पडल्या, नंतरच्या दोन औद्योगिक क्रांतीत. विकतच्या नोट्समधून बहुधा शेती-उद्योग गळते. मूळ लेख ग्रंथपालांकडे मागा आणि शिक्षकांसोबत बसून वाचा.

प्रश्न : नेदरलँड्सच्या लिंबुर्ख प्रांतात कोळशाच्या खाणी होत्या, हजारो खाणकामगार होते. तरी तिथे समाजवादी पक्ष का रुजला नाही? धर्माने त्यांची फसवणूक केली, असं आमचे सर म्हणतात. मग ते ज्याला मतं देत होते तो कॅथलिक पक्ष पुढे कोसळला कसा?

फसवणूक म्हटलं की शोध थांबतो. म्हणून याचं उत्तर सविस्तर देतो.

भेद आपोआप पक्ष होत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात. माणसं खरोखर वेगळ्या परिस्थितीत जगत असावी लागतात, ‘आपण एक’ ही जाणीव त्यांच्यात असावी लागते आणि ती जाणीव रोज सांभाळणारी संघटना लागते. मला सतत काळजी वाटते ती तिसऱ्या गोष्टीची, कारण टक्केवारीच्या नादात सगळे तीच विसरतात.

डच धार्मिक पक्षांची सुरुवात शाळांच्या भांडणातून झाली. 1878 च्या शिक्षण कायद्याने शाळांच्या इमारती आणि शिक्षकांबाबतच्या अटी कडक केल्या, पण धार्मिक शाळांना त्यासाठी सरकारी पैसा दिला नाही. अट पाळायची तर पालकांनी खिशातून भरायचं. प्रोटेस्टंटांनी तीन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज राजाकडे नेला, तरी राजाने कायद्यावर सही केली. सह्या गोळा करणारं जाळं मात्र विस्कटलं नाही. पुढच्याच वर्षी, 1879 मध्ये, प्रोटेस्टंट नेते आब्राहाम काइपर यांनी त्या बळावर पक्ष उभा केला. कॅथलिकांचीही शाळांबद्दल तीच तक्रार होती. 1917 मध्ये तडजोड झाली : धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकाच पैसा, सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व. मतांच्या प्रमाणात जागा मिळू लागल्यावर कोणत्याही गटाला दुसऱ्यात विरघळण्याची गरज उरली नाही.

आता तुमचा खाणकामगार घ्या. लिंबुर्ख आणि शेजारचा नोर्ड-ब्राबांट हे दक्षिणेचे प्रांत कॅथलिक होते, देशाची सत्ता उत्तरेकडच्या प्रोटेस्टंट प्रांतांत होती. म्हणजे धर्माची रेषा आणि प्रदेशाची रेषा एकावर एक पडत होत्या. वर्गाची रेषा त्यांना छेदून जात होती. खाणी वाढू लागल्या तेव्हा समाजवाद्यांच्या आधी पाद्री कामगारांपर्यंत पोचले. कामगाराची युनियन कॅथलिक, घरबांधणी संस्था कॅथलिक, मुलाची शाळा, वर्तमानपत्र आणि रेडिओसुद्धा कॅथलिक. पगारासाठी तो भांडत होता, पण कॅथलिक युनियनमधून. आपण कामगार आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, फक्त ते कामगारपण सांभाळणारी संघटना चर्चची होती. यात फसवणूक कुठे आहे?

कोसळण्याचं कारणही यातच आहे. 1954 मध्ये बिशपांनी फर्मान काढलं की कॅथलिकाने समाजवादी युनियनचं सभासद होऊ नये, समाजवादी रेडिओ ऐकू नये. असं फर्मान काढावं लागतं तेव्हा कुंपण सैल झालेलं असतं. 1963 मध्ये कॅथलिक पक्षाला संसदेत 150 पैकी 50 जागा मिळाल्या, 1972 मध्ये 27. नऊ वर्षांत निम्मे कॅथलिक देश सोडून गेले नव्हते, बाप्तिस्मा झालेले लोक तितकेच होते. बदललं ते चर्चला जाणं, पाद्र्याच्या सल्ल्याचं वजन आणि दूरदर्शनमुळे घरात शिरलेली दुसऱ्या गटांची मतं. लिंबुर्खमध्ये डिसेंबर 1965 मध्ये खाणी बंद करण्याची घोषणा झाली आणि युनियनचं जगही उठलं. आधीच्या धाग्यांतून सुटलेला मतदार नंतर कुठेही जाऊ शकतो. 2023 मध्ये त्याच लिंबुर्खमध्ये खेर्त विल्डर्स यांचा कडवा उजवा, स्थलांतरविरोधी पक्ष पहिला आला.

फक्त लोकसंख्येचे आकडे पाहणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. तुमच्या सरांशी वाद घालण्याआधी युनियनच्या सभासदसंख्येचे तक्ते त्यांच्यासोबतच पाहा.

प्रश्न : एक कंपनी आमच्या विधानसभा मतदारसंघाचं जातनिहाय गणित विकते आहे, ‘हमखास अचूक’ म्हणून. उमेदवारासाठी घ्यावं का?

घेऊ नका. 1931 नंतर जनगणनेने सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध केलेले नाहीत. मग हे आकडे येतात कुठून? बहुतेकदा मतदारयादीतल्या आडनावांवरून. एकच आडनाव अनेक जातींत असतं, हे गावातल्या कोणालाही विचारा.

समजा आकडे बरोबर निघाले, तरी दुसरी चूक उरते. एका केंद्रावर अमुक समाजाचे साठ टक्के मतदार आहेत आणि एका पक्षाला साठ टक्के मतं मिळाली, तर ती मतं त्याच माणसांची होती हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यातल्या निम्म्यांनी दुसरीकडे मत दिलं आणि इतर समाजांतल्या चाळीसपैकी तिसांनी या पक्षाला दिलं, तरी बेरीज साठच होते. पैसे खर्च करायचेच असतील तर नमुना सर्वेक्षण जाणणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाला आधी भेटा.

प्रश्न : डॉ. आंबेडकरांनी आधी मजूर पक्ष काढला आणि मग फेडरेशन. हा सिद्धान्त इथे लागू होतो का?

चार युरोपीय रेषा जशाच्या तशा लागू होत नाहीत, जातीसाठी त्यांत घर नाही. पण ‘कोणती रेषा संघटित होते’ हा प्रश्न नक्की लागू होतो. 1936 चा स्वतंत्र मजूर पक्ष वर्गाच्या रेषेवर उभा होता. खोतीविरोधात कोकणातल्या कुळांना आणि 1938 च्या संपात मुंबईच्या गिरणी कामगारांना त्याने एकत्र आणलं. 1942 मध्ये ब्रिटिश मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स वाटाघाटीसाठी भारतात आले तेव्हा सत्तांतराच्या वाटाघाटीत समाजांचे प्रतिनिधी मोजले जात होते. मजूर पक्षाला अस्पृश्य समाजाच्या वतीने बोलणं अवघड होतं. त्याच वर्षी नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन झालं. माणसं बरीचशी तीच होती, दाराची रुंदी बदलली होती. यावर लिहिणार असाल तर त्या काळातल्या ‘जनता’ पत्राचे अंक अभिलेखागारात जाऊन पाहा, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका.

प्रश्न : दुभंगरेषांवरचा माझा प्रबंध पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे. तिन्ही घटकांची माहिती कशी मिळवू?

आठवड्यात मिळत नाही. संघटनेची माहिती सभासद नोंदी, इतिवृत्तं आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखतींतून येते, त्याला महिने लागतात. आजच मार्गदर्शकांना भेटून मुदतवाढ मागा आणि विषय एका तालुक्यापुरता आणा.