हिरव्या अहवालामागचं खरं

प्रश्न: रावेरला केळीचं शीतगृह बांधतोय. साइटवरून दर आठवड्याला ‘हिरवा’, म्हणजे ‘सगळं वेळेत आहे’ असा अहवाल येतो, पण काहीतरी बिनसलंय. अहवाल खरा कसा ठेवायचा?

रंग साइट इंजिनिअरला निवडू देऊ नका. तो तारखांवरून आपोआप ठरू द्या. अशा कामांचे अहवाल मीच एकत्र करतो, म्हणून सांगतो: ‘९०% झालं’ हा आकडा महिनाभर तसाच बसून राहतो, शेवटची तारीख मात्र गुपचूप सरकत असते. समजा, शेवटची तारीख न हलता २० दिवसांचा उशीर खपेल, एवढी सवड हाताशी आहे. कंप्रेसर ६ दिवस उशिरा येणार असेल, तर रंग हिरवाच. पुढच्या आठवड्यात तोच उशीर १२ दिवसांचा झाला, म्हणजे निम्म्याहून जास्त सवड गेली. भिंती, पॅनल सगळं वेळेत असलं तरी रंग पिवळा. २० ओलांडले की लाल, चर्चा नाही. पिवळ्यासोबत उपाय, जबाबदार माणूस आणि तारीख लिहायचीच. ती तारीख चुकली की थेट लाल. एवढं मात्र लक्षात घ्या: लाल दाखवणाऱ्याला बैठकीत झापलं, तर पुढच्या वेळी तारीखच खोटी येईल. म्हणून कंप्रेसरची तारीख साइटवर विचारू नका, पुरवठादाराकडून लेखी मागवा.