लॉगबुकात "कळवलं" लिहिणं बंद कर

तू पाठवलेला हॉटेलच्या डेस्कवरच्या लॉगबुकच्या पानाचा फोटो नीट बघितला. तुझं म्हणणं, मी तर लिहिलं होतं, मग 204 ला ब्लँकेट मिळालं नाही म्हणून बोलणी मलाच का. लिहिलं होतंस, मान्य, पण परत वाच: "204 एक्स्ट्रा ब्लँकेट, हाउसकीपिंगला कळवलं." यातून नाइटवाल्याला काय कळणार? की काम झालं. तो पुढची ओळ वाचणार आणि 204 मधला माणूस थंडीत कुडकुडत बसणार.

मीही नेमकं हेच केलंय, म्हणून सांगतेय. दुपारच्या शिफ्टला होते, 3 ते 11. रात्री पावणेदहाच्या सुमारास 312 च्या काकांचा फोन आला, पहाटे 4:45 ची कॅब आहे, डायबेटिस आहे, निघायच्या आधी काहीतरी बिनसाखरेचं पॅक करून द्याल का. मी हो म्हटलं, किचनला फोन केला, तिकडून "हो हो" आलं, आणि मी लिहिलं "312 पॅक्ड ब्रेकफास्ट, किचनला सांगितलं". ज्याला सांगितलं त्याची शिफ्ट पण 11 लाच संपत होती, तो कोणाला न सांगता घरी गेला. नाइटच्या मुलाने माझं मन वाचलं नाही, ओळ वाचली, आणि त्या ओळीप्रमाणे सगळं झालेलं होतं! साडेचारला काका बॅग घेऊन डेस्कसमोर उभे, किचनला कुलूप, ब्रेकफास्टची टीम 5 ला येणार. शेवटी आमच्या मुलाने स्वतःच्या डब्यातली पोळीभाजी त्यांना बांधून दिली.

आता तीच नोंद मी कशी लिहीन बघ:

"312, (गेस्टचं नाव). 21:45 ला मागितलं. उद्या 4:30 ला डेस्कवर पॅक्ड ब्रेकफास्ट द्यायचं कबूल केलंय, बिनसाखरेचं. 21:50 ला किचनला सांगितलं (कुकचं नाव), त्याची शिफ्ट 11 ला संपते. बॉक्स अजून आलेला नाही. बाकी: 23:15 पर्यंत डेस्कवर आला नाही तर ड्युटी मॅनेजरला फोन, किचनची चावी त्यांच्याकडे. कोण: नाइट."

लांब वाटतं पण लिहायला दीड मिनिट लागतं. यातली कामाची ओळ "बाकी" ची आहे, आपण काय केलं त्यापेक्षा काय राहिलंय ते मोठं लिहायचं. आणि वेळ 23:15 का टाकली, 4:30 का नाही, हे लक्षात घे. 4:30 ला कळलं की बॉक्स नाही, तर तेव्हा कोणी काही करू शकत नाही. तपासायची वेळ अशी टाकायची की गडबड दिसली तर निस्तरायला हातात वेळ उरेल. वेकअप कॉल, एअरपोर्ट ड्रॉप, इस्त्रीला दिलेला शर्ट, सगळ्याला हेच.

"झालं" कधी लिहायचं? गेस्टच्या हातात वस्तू पोचली हे समजल्यावर. ब्लँकेट सांगितल्यावर 15-20 मिनिटांनी रूमवर फोन करून "आलं का?" विचार, हो म्हणाले तर वेळ आणि सही टाकून बंद कर. हाउसकीपिंगने "पाठवलं" म्हणणं म्हणजे झालं नाही, कारण पाठवलेला मुलगा लिफ्टमध्ये दुसऱ्या कामाला वळू शकतो (आणि वळतोच).

उघडी राहिलेली नोंद जुन्या पानावर सोडू नकोस. प्रत्येक शिफ्टच्या शेवटी जे राहिलंय ते नव्या पानावर परत उतरवायचं, मूळ तारीख-वेळेसकट. कंटाळा येतो, पण 318 चा गळका नळ परवापासून उतरवला जातोय हे तिसऱ्यांदा स्वतःच्या हाताने लिहिताना माणूस मेंटेनन्सला फोन करतोच. चार दिवसांनंतरचं काही असेल, समजा रविवारी केक, तर ते त्या तारखेला सिस्टीममध्ये रिमाइंडर लावून टाक, वही तेवढी मागे कोणी चाळत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं म्हणजे हँडओव्हर झाला असं मात्र समजू नकोस, तिथे रात्रीत चाळीस मेसेज येतात आणि तुझा वर कुठेतरी जातो.

अजून एक, जे मला खूप उशिरा कळलं. नोंदीत रूम नंबरसोबत नाव हवंच. एसी बंद म्हणून 207 चा गेस्ट 411 ला हलवला, तर त्याची औषधं फ्रिजमध्ये ठेवलीयत ही नोंद 207 च्या नावावरच राहते आणि संध्याकाळी 207 ला आलेल्या नव्या माणसाला कोणीतरी ती नेऊन देतं. रूम बदलली की त्या क्षणी वहीतल्या त्याच्या सगळ्या उघड्या नोंदी शोधून नंबर बदल.

आज 11 ला निघताना वही नुसती सरकवून जाऊ नकोस, दहा मिनिटं थांब, येणाऱ्याला उघड्या नोंदी मोठ्याने वाचायला लाव. जिथे तो "म्हणजे काय?" विचारेल ती ओळ तिथल्या तिथे नीट लिही. आणि उद्याच्या पानाचा पण फोटो पाठव.