दोन बोटं अलीकडे

प्रिय पोरी,

काल योगासनांच्या सरावात तू विचारलंस, "बाई, मी एवढी लवचीक, मग मांडीमागे सतत आखडल्यासारखं का वाटतं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत खाली वाकून तळवे जमिनीला टेकवून दाखवलेस. तिथेच मला राग आला. तुझ्यावर कमी, माझ्यावर जास्त.

तुझं आखडणं खरं आहे, पण स्नायू आखूड झालाय म्हणून ते नाही. चारचौघांच्या गुडघ्यात पाय सरळ झाला की लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारे पट्टे, ताणून घट्ट होतात आणि हाडाला तिथेच अडवतात, दारामागच्या अडसरासारखे. तुझे अडसर जरा सैल घडलेत. त्यांच्यातलं कोलॅजन जन्मतःच जास्त ताणलं जाणारं आहे, त्यामुळे पाय सरळ होऊनही आणखी मागे जातो. मग अडवायचं काम कोण करणार? स्नायू. इतरांचा स्नायू उभं राहताना निवांत असतो, तुझा दिवसभर पहाऱ्यावर. थकलेला पहारेकरी तुला 'आखडलेला' वाटतो, म्हणून तू त्याला रोज वीस मिनिटं ताणतेस. म्हणजे त्याला झोपवतेस आणि दार उघडं टाकतेस.

म्हणून सांगते, टोकाला जाऊ नकोस. दोन बोटं अलीकडे थांब.

परवा आपण सांध्यांची लवचीकता गुणांत मोजली ते आठव. दोन्ही अंगठे मनगटाकडे वळून हाताला टेकले, दोन्ही कोपरं उलटी गेली, दोन्ही गुडघे उलटे गेले, तळवे जमिनीला टेकले. नऊपैकी सात गुण. मोठ्या माणसाला पाचलाच अतिलवचीक म्हणतात. हा आजार नव्हे, कितीतरी जणांना आयुष्यभर काही होत नाही. पण सांधा निखळत असेल, कातडी रबरासारखी ताणली जात असेल, उठल्यावर वरचेवर भोवळ येत असेल, तर आधी डॉक्टर, मग मी.

दुसरी गोष्ट तुला पटत नाही, म्हणून करूनच बघ. डोळे मिटून उभी राहा, पाय 'सरळ' कर आणि आईला बाजूने फोटो काढायला सांग. फोटोत पाय धनुष्यासारखा मागे गेलेला दिसेल आणि तू शपथेवर सांगशील की तो सरळच होता. तुझ्यासारख्यांना सांधा नेमका कुठे आहे याची जाण अनेकदा कमी असते. त्यामुळे 'मला बरोबर वाटतंय' हा पुरावा तुझ्या बाबतीत चालत नाही. आरसा चालतो.

आता त्रिकोणासन. पुढच्या पायाच्या गुडघ्यावर सगळं वजन टाकून तू हात जमिनीला टेकवतेस आणि लोक वाहवा करतात. हात विटेवर ठेव. गुडघा दोन बोटं सैल सोड. मग पाऊल न हलवता टाच मागच्या पायाकडे ओढल्यासारखी कर. मांडीमागचा स्नायू जागा झालेला हाताला लागेल. पाच श्वास तसंच राहा. आसन दिसायला कमी होईल. होऊ दे. मांडी थरथरायला लागून गुडघा परत मागे घसरला की त्या दिवसाचं तिथेच संपलं.

इथे माझी चूक कबूल करते. तीस वर्षं मी वर्गात ओरडले, "गुडघ्याची वाटी वर खेचा!" ताठ मुलांना ते लागू पडत होतं. तुझ्यासारख्यांचा मात्र मांडीचा पुढचाच स्नायू आवळला जातो आणि गुडघा आणखी मागे ढकलला जातो. मागचा स्नायू बरोबरीने ओढत नसेल, तर ती सूचना घातकच. कुणी सांगितलं नव्हतं मला. आणि सांगितलं असतं तरी ऐकलं असतं का? बाविसाव्या वर्षी माझ्या पाठीच्या कमानीला टाळ्या पडायच्या. उजवा खांदा पहिल्यांदा निखळला तो प्रात्यक्षिकात. पुढे फडताळातून पोह्यांचा डबा काढतानाही निखळायला लागला. तरी मी ताणतच राहिले, कारण मला दुसरं काही येत नव्हतं.

तू ताकद कर. खुर्चीवर चार अंक मोजत बस, चार मोजत ऊठ, आणि उठताना गुडघा कुलूप लागायच्या दोन बोटं अलीकडे थांबव. जमलं की एका पायावर, कट्ट्याला हात लावून. आठवड्यातून तीनदा, मधे एक दिवस सोडून. दोन आठवड्यांत मला फोन करून 'काही फरक नाही' म्हणू नकोस. याला महिने लागतात. आधी चूक लवकर कळायला लागेल, ताकद मागाहून.

स्पर्धेचं विचारलंस. यंदा नको. रागावलीस तर राग. रविवारी येताना तो बाजूने काढलेला फोटो आण, आणि खाली वाकून दाखवू नकोस.

तुझी,
बाई