आजोबांच्या फोटोखाली साधी ओळ

प्रश्न: आजोबांना जाऊन वर्ष होतंय. त्यांचा फोटो टाकायचाय. खाली काय लिहू? प्रेमळ हवं, पण नाटकी नको.

उत्तर: त्यांची एकच सवय निवडा आणि ती होती तशी लिहा. समजा, ते पेपर शेवटच्या पानापासून वाचायचे. आपण लिहायला बसलो की पहिल्यांदा सुचतं ते असं: 'आजोबा, तुमच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली.' हे कोणाच्याही आजोबांना चालेल, म्हणूनच ते कोरडं वाटतं. त्याऐवजी:

'आजोबा, पेपर आला की अजूनही आधी शेवटचं पानच उघडलं जातं.'

यात 'आठवण येते' असं कुठेच नाही, तरी ते कळतं. खालच्या ओळीत नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षं, बास. हसरा चेहरा फोटोत दिसतोच, त्याचं वर्णन नको. उद्गारचिन्हं आणि टिंबांच्या रांगाही काढा. नाटकीपणा बऱ्याचदा शब्दांपेक्षा त्यांच्यातूनच येतो. (स्टेटसवरच्या तयार ओळी तर नकोतच.)

टाकण्याआधी फोटो न दाखवता आणि 'आजोबा' हा शब्द गाळून ओळ एखाद्या भावंडाला वाचून दाखवा. आजोबांविषयी आहे हे भावंडानं ओळखलं नाही, तर सवय बदलून बघा.